पी-५३ चं वजन ५३ का नाही?

जेलवर बँड दिसला की शेजारच्या मार्करकडे बघून आपण लगेच म्हणतो, 'हे प्रोटीन अमुक किलोडाल्टनचं.' असं म्हणण्यामागे डिटर्जंटवरचा एक मोठा विश्वास असतो. तो कुठून आला आणि कुठे फसतो, ते बघू.

साध्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलमध्ये प्रोटीनचा वेग त्याचा आकार, घडी आणि विद्युतभार या तिन्हींवर ठरतो. त्यामुळे लहान पण कमी भाराचं प्रोटीन मोठ्याच्याही मागे राहू शकतं. १९६७ मध्ये शपिरो, विन्युएला आणि मेझेल यांनी दाखवलं, की जेलमध्ये एसडीएस असेल तर पॉलिपेप्टाइडने कापलेलं अंतर त्याच्या वजनाच्या लॉगरिदमशी सरळ रेषेत जुळतं. १९६९ मध्ये वेबर आणि ऑस्बॉर्न यांनी सुमारे ४० प्रोटीनं तपासली. बहुतेकांचं वजन १० टक्क्यांच्या आत बरोबर आलं.

असं का होतं? रेनॉल्ड्स आणि टॅनफर्ड यांनी १९७० मध्ये मोजलं: पुरेसं एसडीएस असेल तर एक ग्रॅम प्रोटीन साधारण १.४ ग्रॅम एसडीएस धरतं. म्हणजे दर दोन अमिनो आम्लांमागे जवळपास एक रेणू. त्याचा ऋणभार इतका, की प्रोटीनचा स्वतःचा भार त्यात झाकला जातो. घडीही उलगडते. आता भार आणि वस्तुमानाचं गुणोत्तर सगळ्यांचं सारखंच, म्हणून क्रम लावते ती फक्त जेलची जाळी. डायसल्फाइड बंध शिल्लक राहिले तर साखळी पूर्ण उलगडत नाही. म्हणूनच नमुना मर्कॅप्टोइथेनॉलसोबत उकळायचा.

आता हिशोब करू. समजा, ६६ किलोडाल्टनच्या अल्ब्युमिनचा आरएफ ०.३६ आणि ४५ च्या ओव्हाल्ब्युमिनचा ०.५० आहे. लॉग अनुक्रमे १.८२ आणि १.६५३. तुमचा बँड ०.४४ वर आहे. दोन्हींमधल्या रेषेवर त्याचा लॉग १.७२५ येतो, म्हणजे वजन सुमारे ५३.

१९७९ मध्ये सापडलेल्या एका प्रोटीनचं नाव असंच जेलवरच्या अंदाजावरून पडलं: पी-५३. पुढे क्रम कळला तेव्हा त्यात ३९३ अमिनो आम्लं निघाली, वजन फक्त ४३.७. त्यातला प्रोलीनने भरलेला भाग साखळीला हळू सरकवतो, असं याचं स्पष्टीकरण देतात. हिशोब चुकला नव्हता. 'सगळी प्रोटीनं सारखीच वागतात' हे गृहीतक तिथे लागू नव्हतं.

साखर जोडलेली, फार आम्लधर्मी किंवा पटलातली प्रोटीनंही अशीच फसवतात. शंका आली तर तोच नमुना वेगवेगळ्या टक्क्यांच्या जेलवर चालवा. अंदाज दर वेळी बदलत गेला, तर ते प्रोटीन मार्करसारखं वागत नाहीये. मात्र अंदाज स्थिर राहिला म्हणून तो खरा ठरत नाही. खरं वजन मास स्पेक्ट्रोमेट्रीच सांगेल. तोवर वहीत 'वजन ५३' न लिहिता 'जेलवरचं वजन ५३' असं लिहा.