गल्फचा पैसा आणि केरळचा भात

परदेशातून पैसा आला की चलन महागतं आणि निर्यातदार मार खातो, असं पुस्तकात वाचलं होतं. पण केरळचं चलन वेगळं नाहीच. मग तिथे काय झालं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता.

१९७३ नंतर तेल महागलं आणि मल्याळी कामगार आखातात गेले. त्यांनी धाडलेलं परकीय चलन देशाच्या गंगाजळीत गेलं, बदल्यात मिळालेले रुपये केरळातल्या घरांत आले. आधी कर्ज फिटलं, मग जेवण सुधारलं, मुलांची शाळा झाली, शेवटी पक्कं घर. १९७२-७३ मध्ये केरळचा माणशी खर्च देशाच्या सरासरीहून कमी होता, पुढे तो कितीतरी वर गेला.

टीव्ही, सिमेंट बाहेरून येतं. जमीन आणि गवंड्याचे हात येत नाहीत, म्हणून तेच महागले. शेतमजूर बांधकामावर गेला, शेतातली मजुरी चढली. पण तांदळाचा भाव आंध्रहून येणाऱ्या मालाने बांधलेला! वाढीव मजुरी शेतकरी कोणाकडून काढणार? भाताखालचं क्षेत्र १९७४-७५ मध्ये पावणेनऊ लाख हेक्टर होतं, २०१० नंतर जेमतेम दोन लाखांवर आलं. रबर-नारळात जास्त मिळत होतं, हेही त्यामागचं मोठं कारण.

म्हणजे विनिमय दर हलला नाही, तरी मजुरीने तेच काम केलं. आपल्या कोकणातही गल्फचा पैसा येतो. तिथला नवा बंगला बघाल तेव्हा शेजारचं खाचर कोण लावतंय, तेही विचारा.