प्रथम खबर (एफआयआर)

दखलपात्र गुन्हा घडल्याची पोलीस ठाण्यात नोंदवलेली पहिली माहिती. १ जुलै २०२४ पासून ही नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होते. त्यापूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली होत असे.

समजा, दुचाकी चोरीला गेली आणि फिर्यादीने शेजाऱ्यावर संशय घेतला. खबर लिहून, वाचून दाखवून फिर्यादीची सही घेतली जाते, प्रत त्याला विनामूल्य मिळते आणि अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो. येथून तपास सुरू होतो: पंचनामा, जबाब, कॅमेऱ्यांचे चित्रण. शेजाऱ्याला अटक झालीच पाहिजे, असे मात्र नाही. नाव खबरीत आले म्हणून तो चोर ठरत नाही, आणि नाव नसलेला माणूस पुढे आरोपी होऊ शकतो. कलमेही तपासात वाढतात किंवा गळतात.

तपासाअंती पुरेसा पुरावा असल्यास दोषारोपपत्र दाखल होते. चोरी खरी, पण चोर सापडला नाही, तर महाराष्ट्रात पोलीस ‘अ’ समरी मागतात. फिर्याद जाणूनबुजून खोटी निघाल्यास ‘ब’. गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची असल्यास ‘क’. ती मंजूर करायची की आणखी तपास करायला सांगायचे, हे दंडाधिकारी ठरवतात.

खटल्यात खबर हा स्वतंत्र पुरावा नसतो. फिर्यादीच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा तिच्यातील विसंगती दाखवण्यासाठी ती वापरतात. म्हणूनच उशिरा दिलेल्या खबरीवर बचावाचे वकील तुटून पडतात, जरी निव्वळ उशिराने खटला कोसळत नाही.