सामुद्रधुनीतील भरतीप्रवाह-नकाशे

भरती-ओहोटीमुळे वाहणाऱ्या पाण्याची दिशा व वेग तासागणिक दाखवणारे नकाशे. फ्रान्सचे ला हेग भूशिर आणि ऑल्डर्नी बेट यांमधील सामुद्रधुनीसाठीचे ब्रिटिश नकाशे डोव्हरच्या पूर्ण भरतीच्या वेळेवर आधारलेले असतात. भरतीआधीच्या सहा तासांपासून नंतरच्या सहा तासांपर्यंत एकूण १३ नकाशे असून प्रत्येक नकाशा त्या तासाच्या मागेपुढे अर्धा तास लागू धरतात.

बाणाशेजारील ‘२०,५०’ म्हणजे भांगाच्या दिवशी २ नॉट व उधाणाला ५ नॉट. प्रवासाच्या दिवशीची डोव्हरची भरती-ओहोटीतील तफावत भांगाच्या व उधाणाच्या सरासरी तफावतींच्या मध्यावर असेल, तर ३.५ नॉट धरावेत.

येथील प्रवाह स्थानिक भरतीबरोबर नव्हे, तर डोव्हरच्या भरतीआधी सुमारे अर्धा तास नैर्ऋत्येकडे वळतो. भर उधाणाला मध्यभागी त्याचा वेग सुमारे ५.५ नॉट होतो. ५ नॉटने चालणारे शिडाचे जहाज त्याविरुद्ध मागेच सरकते. समजा, डोव्हरची भरती १३ वाजता आहे. शेरबुर्गहून गर्न्सीला जाणाऱ्याने १० च्या सुमारास निघावे. किनाऱ्यालगतचा प्रवाह तेव्हाच पश्चिमेकडे वळू लागतो. सुमारे १५ सागरी मैल कापून भूशिरापाशी पोहोचेपर्यंत अनुकूल प्रवाह नुकताच सुरू झालेला असतो. डोव्हरच्या भरतीची कोष्टकातील वेळ जागतिक वेळेत असल्यास ब्रिटिश उन्हाळी वेळेचा एक तास मिळवणे विसरू नये. त्या चुकीने सारे गणित बिघडते.

नकाशात वारा नसतो. जोरदार नैर्ऋत्य वारा नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या प्रवाहासमोर आला, की उभ्या, फुटणाऱ्या लाटा उठतात. अशा वेळी लहान जहाजाने बंदरातच थांबावे.