काकांची व्हीआरएस, झाड आणि फळ

गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका मित्राला कंपनीने 'नारळ दिला'. (आयटीतल्या लोकांना हा वाक्प्रचार समजावून सांगायची गरज नसावी!) एचआरने त्याच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर तीन आकडे होते : राहिलेला बोनस, नोटीसचा पगार आणि 'सेव्हरन्स'. खाली कापलेला टीडीएस. मित्र म्हणाला, "अरे, नोकरी गेली म्हणून दिलेल्या पैशावरसुद्धा टॅक्स?" मला एकदम आमचे काका आठवले. २००१ साली त्यांनीही अगदी हाच प्रश्न विचारला होता. या वीकएंडला म्हटलं, याचा जरा इतिहासच उकरून काढू या.

सुरुवात एका झाडापासून. १९३२ साली शॉ वॉलेस या कलकत्त्याच्या कंपनीचा खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. कंपनीकडे दोन तेल कंपन्यांची एजन्सी होती, ती काढून घेतली गेली आणि त्याबद्दल भरपाई मिळाली. ही भरपाई म्हणजे उत्पन्न का? न्यायाधीशांनी उत्पन्नाला झाडाच्या फळाची आणि शेतातल्या पिकाची उपमा दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर फळावर कर घ्या, पण झाडच तोडलं आणि त्याची किंमत दिली, तर ते फळ नव्हे. शॉ वॉलेस जिंकली.

हा खटला एजन्सीचा होता, पगाराचा नव्हता. पण नोकरदारांच्या बाबतीतही १९२२ च्या आयकर कायद्यात पुढे असाच फरक केला गेला. मालकाने दिलेले पैसे मागच्या सेवेचा मोबदला असतील तर ते पगारासारखेच करपात्र. पण केवळ नोकरी गमावल्याची भरपाई असेल तर कर नाही. आता गंमत अशी, की निरोपाच्या वेळी मिळालेल्या रकमेत किती 'शाबासकी' आणि किती 'भरपाई' हे ठरवायचं कोणी? पत्रात चार शब्द इकडचे तिकडे केले की काम फत्ते. शेवटी १९५५ च्या वित्त कायद्याने ही पळवाट बुजवली. नोकरी संपण्याच्या संदर्भात मालकाकडून मिळालेली भरपाई ही पगाराऐवजी मिळालेला लाभ, म्हणजे करपात्र. १९६१ च्या कायद्यात हेच कलम १७(३) मध्ये आलं. म्हणजे झाड तोडलं तरी सरकार त्याला फळच समजणार!

त्यानंतरची कथा म्हणजे या नियमाला पाडलेली छोटी छोटी भोकं. पहिलं भोक कामगारांसाठी. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली आलेल्या कलम २५एफ नुसार छाटणी झालेल्या कामगाराला दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. २६ वर्षं नोकरी झाली तर १३ महिन्यांचा पगार. १९७५ च्या वित्त कायद्याने आलेल्या कलम १०(१०बी) ने ही भरपाई ठराविक मर्यादेपर्यंत करमुक्त केली. १ जानेवारी १९९७ पासूनच्या छाटणीसाठी ती मर्यादा पाच लाख झाली. मात्र ही सवलत 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांनाच. मॅनेजरला नाही, आणि 'राजीनामा द्या नाहीतर...' असं म्हणून घेतलेल्या राजीनाम्यालाही सहसा नाही, कारण कागदावर ती छाटणीच नसते.

दुसरं भोक स्वेच्छानिवृत्तीचं, कलम १०(१०सी). १९८७ साली हे सरकारी कंपन्यांपुरतं आलं आणि १९९२ च्या वित्त कायद्याने खाजगी कंपन्यांनाही उघडलं. उदारीकरण नुकतंच सुरू झालं होतं, कंपन्यांना माणसं कमी करायची होती, आणि माणसं खुशीने जायला हवी होती. मर्यादा इथेही पाच लाख. अटी नियम २बीए मध्ये : वय ४० किंवा सेवा १० वर्षं, रिकामी जागा पुन्हा भरायची नाही, आणि ही सवलत आयुष्यात एकदाच.

आता काका. ते एका सरकारी बँकेत होते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांची ती मोठी व्हीआरएस आली. सूत्र सोपं : दर पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी ते. काकांचा पगार १६,००० रुपये, सेवा २४ वर्षं, निवृत्तीला ११ वर्षं बाकी. २४ गुणिले २ म्हणजे ४८ महिने, रक्कम ७,६८,०००. उरलेले महिने १३२, म्हणून कमी ती पहिलीच. त्यातले पाच लाख करमुक्त, २,६८,००० करपात्र. मार्च २००१ अखेर बाहेर पडल्यामुळे वर्षभराचा पगारही त्याच वर्षात मोजला गेला, आणि भरपाईचा प्रत्येक रुपया ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेला. ८०,४०० रुपये कर, वर अधिभार. जाताना मिळालेल्या बोनसला तर कसलीच सवलत नव्हती. बोनस हा कमावलेला पगार, म्हणजे शुद्ध फळ!

पण काकांनी एक गोष्ट केलीच नाही. कलम ८९ खाली, एकाच वर्षात मोठी रक्कम पडून कर वाढला तर दिलासा मागता येतो. निदान तीन वर्षं सेवा झाली असेल आणि निदान तीन वर्षं बाकी असतील, तर भरपाईचा एकेक तृतीयांश आधीच्या तीन वर्षांच्या उत्पन्नात मिळवून सरासरी दर काढायचा. काकांचं त्या वर्षीचं एकूण करपात्र उत्पन्न सुमारे ४.४० लाख, म्हणजे अधिभार सोडून सरासरी दर २४ टक्के. आधीच्या वर्षांचं उत्पन्न सव्वा लाखाच्या आसपास. त्यात ८९ हजार मिळवले तर दर येतो १८ टक्के. सहा टक्क्यांचा फरक, २,६८,००० वर सुमारे १६ हजार रुपये.

बँकेने सांगितलं की पाच लाखांची सवलत घेतली की कलम ८९ मिळत नाही. काका गप्प बसले. काही जण मात्र भांडले, आणि २००५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोन्ही मिळतात असा निकाल दिला. तोवर काकांची मुदत टळून गेली होती. आणि २००९ च्या वित्त कायद्याने पुढच्यांसाठी तो दरवाजाच बंद केला : दोन्हीपैकी एकच.

राहता राहिला पाच लाखांचा आकडा. ग्रॅच्युइटीची मर्यादा २०१८ मध्ये २० लाख झाली, रजेच्या पैशांची २०२३ मध्ये ३ वरून २५ लाख. १०(१०सी) चे पाच लाख मात्र कोणीतरी हार्डकोड केल्यासारखे तिथेच आहेत. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख घेऊन आलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ते तसेच उतरले आहेत.

मित्राला काय सांगू? बोनस आणि नोटीसचा पगार पूर्ण करपात्र. तो मॅनेजर होता, म्हणून छाटणीची सवलत नाही. स्वेच्छानिवृत्तीची योजनाही नव्हती, म्हणून तीही नाही. पण म्हणूनच कलम ८९ अजून उघडं आहे, तीन वर्षांच्या अटीत बसत असेल तर. नियुक्तिपत्र आणि मागची तीन रिटर्न्स काढून ठेव म्हटलं. काकांच्या सोळा हजारांतून एवढं तरी शिकावं... असो.