अर्धशिशी आणि मेंदूतील श्वेतबिंदू : एका निदानविषयक शंकेचा इतिहास

अर्धशिशीने पीडित अशा तरुण वा मध्यमवयीन व्यक्तीच्या मेंदूची चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा, म्हणजेच एम. आर. आय., काढली असता तीत पुष्कळदा काही सूक्ष्म पांढरे ठिपके आढळतात. अहवालात त्यांची नोंद ‘अविशिष्ट’ अशा मोघम शब्दाने होते. रुग्णाच्या मनात मात्र पक्षाघात, स्मृतिभ्रंश अथवा मल्टिपल स्क्लेरोसिस यांची धास्ती उभी राहते, आणि प्रसंगी चिकित्सकही त्याच वाटेने जातो. हे ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात असे आज म्हणता येते. परंतु हा निष्कर्ष अधिक चांगल्या यंत्रामुळे हाती आला नाही. मृत मेंदूशी ताडून पाहणे, निरोगी माणसांशी तुलना करणे आणि काही वर्षे थांबून पुन्हा पाहणे या तीन गोष्टींनी तो सिद्ध झाला. त्या क्रमाचा आढावा घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ठिपका म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. एम. आर. आय. यंत्र ऊतकांतील, मुख्यतः पाण्यातील, हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे संदेश टिपते. ज्या प्रकारच्या प्रतिमेत हे ठिपके दिसतात तीत मोकळे पाणी अधिक असलेला भाग उजळ येतो. मेंदूच्या श्वेतद्रव्यातील मज्जातंतूंवर मेदयुक्त आवरण असल्याने तेथे मोकळे पाणी कमी, आणि म्हणून तो भाग काळसर दिसतो. एखाद्या ठिकाणी हे आवरण थोडे विरळ झाले किंवा रक्तवाहिनीभोवतीची पोकळी रुंदावली, की तेथे पाण्याचे प्रमाण वाढून पांढरा ठिपका उमटतो. १९९२ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी मेंदूभोवतालच्या द्रवाचा उजाळा दाबून टाकणारी ‘फ्लेअर’ ही पद्धत पुढे आणली, आणि पूर्वी नजरेतून सुटणारे बारीक ठिपकेही स्पष्ट दिसू लागले. तात्पर्य, ठिपका एवढेच सांगतो की येथे पाणी किंचित अधिक आहे. ते का अधिक आहे, हे तो सांगत नाही.

या ठिपक्यांना भीतिदायक अर्थ कोठून चिकटला, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. १८४२ मध्ये ड्युराँ-फार्देल या फ्रेंच वैद्याने शवविच्छेदनात आढळलेल्या, चाळणीप्रमाणे सच्छिद्र झालेल्या मेंदूचे वर्णन केले. १८९४ मध्ये ओटो बिन्सवांगर यांनी बुद्धिभ्रंश झालेल्या रुग्णांतील श्वेतद्रव्याचा मोठा ऱ्हास वर्णिला. या सर्व निरीक्षणांचा विषय मृतांचे, आणि बहुतांशी वृद्ध वा रोगजर्जर व्यक्तींचे मेंदू हा होता. प्रकृतीने धडधाकट असलेल्या माणसाच्या श्वेतद्रव्यात काय दिसते, हे पाहण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. श्वेतद्रव्यातील बदल म्हणजे ऱ्हास, हे समीकरण असे रूढ झाले.

१९८० नंतरच्या दशकात एम. आर. आय. रुग्णालयांत आले आणि जिवंत माणसांच्या मेंदूत असे ठिपके मोठ्या संख्येने दिसू लागले. काहीच तक्रार नसलेल्या माणसांतही ते सापडत. गोंधळ इतका होता की ‘अनोळखी उजळ वस्तू’ असे नाव त्यांना थट्टेने पडले. १९८७ मध्ये हॅचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ल्यूको-अरायोसिस’ हा ग्रीक धातूंपासून बनविलेला शब्द सुचविला. त्याचा अर्थ ‘श्वेतद्रव्याचे विरळ होणे’ इतकाच होतो. दिसते ते सांगावे आणि कारणाविषयी मौन पाळावे, हा त्या नामकरणातील विवेक होता.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातील फ्रान्झ फाझेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बदलांची एक सोपी श्रेणी मांडली. खोल श्वेतद्रव्यात काहीच नसल्यास शून्य, सुटे ठिपके असल्यास एक, ठिपके एकमेकांत मिसळू लागल्यास दोन आणि मोठे सलग पट्टे झाल्यास तीन. ही श्रेणी केवळ मोजमापाची वाटली, तरी पुढे तिच्यातील एक आणि दोन यांमधील सीमारेषाच निर्णायक ठरली. १९९३ मध्ये फाझेकास यांच्याच गटाने मृत्यूनंतर घेतलेल्या प्रतिमा व ऊतकांचे सूक्ष्मदर्शी परीक्षण ताडून पाहिले. सुट्या ठिपक्यांच्या जागी ऊतकांची हानी सौम्य होती, तर सलग पट्ट्यांच्या जागी रक्तपुरवठा अपुरा पडल्याने झालेली हानी अधिक ठळक होती. २००३ मध्ये ऑस्ट्रियातीलच राइनहोल्ड श्मिट प्रभृतींनी सहा वर्षांच्या निरीक्षणाचे फलित प्रसिद्ध केले. ज्यांच्या मेंदूत केवळ सुटे ठिपके होते त्यांच्यात वाढ नगण्य झाली, पण ठिपके मिसळू लागलेले असल्यास विस्तार पुढे चालू राहिला. एकाच पांढऱ्या रंगाखाली दोन भिन्न प्रकृतीच्या गोष्टी दडल्या होत्या, असे यावरून दिसते.

आता अर्धशिशीकडे वळू. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अर्धशिशीच्या रुग्णांत असे ठिपके अधिक असल्याचे वृत्तांत येऊ लागले. परंतु हे रुग्ण चिकित्सालयात आलेले, म्हणजे तीव्र त्रास असलेले होते, आणि तुलनेचे गट लहान किंवा अजिबात नसत. २००४ मध्ये अशा उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले गेले, तेव्हा ठिपके असण्याच्या शक्यतांचे गुणोत्तर अर्धशिशी असणाऱ्यांत ३.९ आले. हा आकडा दचकविणारा खरा. तथापि ठिपके अधिक आहेत आणि ठिपके अपाय करतात, ही दोन भिन्न विधाने होत.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील मार्क क्रुइट आणि सहकाऱ्यांनी चिकित्सालयाऐवजी सामान्य लोकसंख्येतून ३० ते ६० वर्षे वयाच्या व्यक्ती निवडल्या. त्यांत अर्धशिशी असलेल्या २९५ आणि नसलेल्या १४० जणांचा समावेश होता. खोल श्वेतद्रव्यातील ठिपक्यांचा भार अधिक असण्याची शक्यता अर्धशिशीच्या स्त्रियांत सुमारे दुप्पट निघाली, पुरुषांत मात्र फरक आढळला नाही. नऊ वर्षांनी याच व्यक्तींपैकी २८६ जणांची पुन्हा तपासणी झाली आणि तिचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धशिशीच्या १४५ स्त्रियांपैकी ११२ जणींत, म्हणजे शेकडा ७७ जणींत, ठिपके वाढले होते. तुलनेच्या ५५ स्त्रियांपैकी ३३ जणींत, म्हणजे शेकडा ६० जणींतही, ते वाढले होते. या दुसऱ्या आकड्याकडे सहसा दुर्लक्ष होते. डोकेदुखी नसणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांतही नऊ वर्षांत ठिपके वाढतात, याचा अर्थ त्यांतील बराच भाग वयाचा आहे. शिवाय झटक्यांची संख्या वा वारंवारता आणि ठिपक्यांची वाढ यांत संबंध आढळला नाही, आणि ठिपक्यांचा भार अधिक असलेल्यांची बौद्धिक क्षमता अधिक घटली असेही सिद्ध झाले नाही.

इतरत्रही उत्तर याच दिशेने आले. फ्रान्समधील नाँत येथील वृद्धांच्या पाहणीत, जिचा वृत्तांत २०११ मध्ये आला, तीव्र डोकेदुखीचा इतिहास असणाऱ्यांत श्वेतद्रव्यातील बदल अधिक होते. हे केवळ अर्धशिशीत नव्हे, तर इतर तीव्र डोकेदुखीतही दिसले, आणि बुद्धीच्या ऱ्हासाशी त्याचा मेळ बसला नाही. २०१६ मध्ये डेन्मार्कमधील जुळ्या स्त्रियांच्या अभ्यासात तर पूर्वसूचनेसह अर्धशिशी असणाऱ्यांत ठिपके अधिक असल्याचेच आढळले नाही. पूर्वसूचना म्हणजे झटक्याआधी डोळ्यांपुढे येणारी नागमोडी चमक वगैरे लक्षणे. ती मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या विद्युत्-शैथिल्याच्या लाटेमुळे येतात, असे मानले जाते. ठिपके त्या लाटेचे व्रण असते तर पूर्वसूचना असणाऱ्या रुग्णांत ते स्पष्टपणे अधिक दिसावयास हवे होते. डच पाहणीत दोन्ही प्रकारांत ते सारखेच दिसले. कारणाचा प्रश्न यामुळे अद्याप मोकळा आहे.

मग धोका कोठे आहे? तो चुकीच्या वाचनात आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील चार केंद्रांतील चिकित्सकांनी मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान चुकून झालेल्या ११० व्यक्तींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शेकडा २२ जणांत अर्धशिशी ही, एकटी किंवा अन्य विकारांसह, खरी व्याधी होती. सर्व ११० जणांपैकी शेकडा ७० जणांना त्या नसलेल्या रोगाची औषधे दिली गेली होती. काहींनी ती वर्षानुवर्षे घेतली.

ही चूक कशी टळते ते एका कल्पित अहवालावरून पाहू. एका अडतीस वर्षांच्या स्त्रीला वीस वर्षांपासून अर्धशिशी आहे, स्वरूप बदललेले नाही, आणि मज्जासंस्थेच्या तपासणीत दोष नाही. प्रतिमेत कपाळामागील भागाच्या श्वेतद्रव्यात सहा गोलसर, सुटे, दोन ते तीन मिलिमीटरचे ठिपके आहेत. प्रथम पाहावयाचे ते स्थान. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग मेंदूतील पोकळ्यांना लगटून, त्यांच्याशी काटकोनात, लांबट आकाराचे असतात. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा सेतू, मस्तिष्कस्तंभ आणि मेरुरज्जू येथेही ते आढळतात. प्रस्तुत ठिपके यांपैकी कोठेही नाहीत. दुसरी गोष्ट आकार आणि मिसळण. ठिपके सुटे असल्याने फाझेकासच्या श्रेणीत ते एकवर बसतात. तिसरी गोष्ट इतिहास. दृष्टी अंधुक होणे, अंगाचा एखादा भाग बधिर वा दुबळा होणे असे दिवसेंदिवस टिकणारे प्रसंग तिला कधी आलेले नाहीत. या तिन्हींची बेरीज निरुपद्रवी ठिपक्यांकडे बोट दाखविते. तिचा रक्तदाब व रक्तशर्करा तपासावी, धूम्रपान असल्यास सोडण्यास सांगावे. केवळ ठिपके मोजण्यासाठी दरवर्षी प्रतिमा काढण्याचे प्रयोजन नाही. किंबहुना, स्वरूप न बदललेल्या अर्धशिशीत मुळात प्रतिमाच काढू नये, असा सल्ला अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१३ मध्ये दिला होता.

या निष्कर्षाच्या मर्यादाही ध्यानी घेतल्या पाहिजेत. ठिपके सलग होत असतील, किंवा कानशिलामागील खंडाच्या अग्रभागी दाट पसरले असतील, आणि कुटुंबात तरुणपणी पक्षाघात वा बुद्धिभ्रंश असेल, तर ‘कॅडॅसिल’ या आनुवंशिक रक्तवाहिनीविकाराचा विचार करावा लागतो. त्यातही पूर्वसूचनेसह अर्धशिशी हे आरंभीचे लक्षण असू शकते. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. तसेच रक्तपुरवठा तुटून मृत झालेला लहान भाग आणि श्वेतबिंदू ही दोन वेगळी चिन्हे आहेत. २००४ च्या डच पाहणीत मेंदूच्या मागील बाजूच्या रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रात असे मृत भाग अर्धशिशी असणाऱ्यांपैकी शेकडा ५.४ जणांत आणि नसणाऱ्यांपैकी शेकडा ०.७ जणांत सापडले होते. पूर्वसूचनेसह अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका काहीसा वाढतो हेही खरे आहे. परंतु तो धोका ठिपके मोजून ठरत नाही. त्यासाठी रक्तदाब, धूम्रपान आणि स्त्रियांत संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्या यांची चौकशी करावी लागते.

यास्तव ‘अविशिष्ट’ हे अहवालातील विशेषण टाळाटाळीचे मानण्याचे कारण नाही. ठिपक्यात पाणी अधिक आहे, त्यामागचे कारण केवळ प्रतिमेवरून ठरत नाही, आणि ते ठरविण्याचे काम रुग्णाच्या इतिहासाचे व तपासणीचे आहे, इतका अर्थ त्या एका शब्दात सामावलेला आहे.