छोटे हादरे बसले की मोठा भूकंप टळतो का? किल्लारी, ८०-२० चा नियम आणि सरासरीच नसलेले आकडे

मराठवाड्यात जमीन हलली की तासाभरात एक मेसेज फिरायला लागतो : "घाबरू नका, छोटे धक्के बसतात ते चांगलंच आहे. जमिनीतली ऊर्जा थोडी थोडी बाहेर पडते, मोठा भूकंप टळतो." २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. लातूर जिल्ह्यात, म्हणजे औसा, निलंगा, शिरूर अनंतपाळ या पट्ट्यात तर जमीन जराशी हलली तरी लोकांना १९९३ आठवतं. त्यामुळे असा धीर देणारा मेसेज पटकन पुढे ढकलला जातो.

मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यातला हिशोब चुकलेला आहे. तो का चुकतो हे समजलं की 'पॉवर लॉ', '८०-२० चा नियम' आणि 'अनंत सरासरी' हे तिन्ही शब्द एकदमच कळतात.

आधी किल्लारीचा हिशोब

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणेश विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून जवळपास १० हजार माणसं गेली.

त्याआधी वर्षभर, १९९२ च्या उत्तरार्धापासून, किल्लारी भागात छोटे धक्के बसत होते. त्यातला मोठा धक्का ४ तीव्रतेच्या आसपासचा होता. म्हणजे ऊर्जा 'थोडी थोडी' बाहेर पडत होतीच. मग मोठा भूकंप का टळला नाही?

कारण तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा दुप्पट किंवा दहापट होत नाही, जवळपास ३२ पट होते. दोनने वाढला तर १००० पट. या हिशोबाने ६.२ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४.५ चे साधारण ३५० भूकंप लागतात आणि ४ चे साधारण २०००.

एवढे छोटे भूकंप होतात का? याचं उत्तर बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४० च्या दशकात शोधलेल्या नियमात आहे. तीव्रता एकाने कमी केली की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. आपल्याकडे कोयना परिसरात हे दिसतं. १९६० च्या दशकापासून तिथे ५ पेक्षा जास्त तीव्रतेचे वीसेक भूकंप झाले, तर ४ पेक्षा जास्त तीव्रतेचे दोनशेच्या आसपास.

म्हणजे ६.२ च्या एका भूकंपामागे ४.५ किंवा त्याहून मोठे असे साधारण ५० भूकंप होतात, आणि लागतात ३५०. ४ च्या पातळीला जा, होतात दीडशेच्या आसपास आणि लागतात २०००. जितकं खाली जाल तितकी तूट वाढतच जाते. छोट्या भूकंपांची कितीही बेरीज केली तरी ती मोठ्याच्या जवळपासही पोचत नाही.

आता सरासरी काढून बघू

एक सोपं उदाहरण घेऊ. ३ तीव्रतेच्या भूकंपाची ऊर्जा १ एकक धरा. मग ४ च्या भूकंपाची ३२, ५ च्या भूकंपाची १०००, आणि ६ च्या भूकंपाची ३२,०००. संख्या गुटेनबर्ग-रिश्टर नियमाप्रमाणे घ्या :

- ३ चे १००० भूकंप : एकूण ऊर्जा १,०००
- ४ चे १०० भूकंप : ३,२००
- ५ चे १० भूकंप : १०,०००
- ६ चा १ भूकंप : ३२,०००

एकूण १,१११ भूकंप आणि ४६,२०० एकक ऊर्जा. यातली ६९ टक्के ऊर्जा एकट्या शेवटच्या भूकंपाची आहे. वरच्या ११ भूकंपांची, म्हणजे फक्त १ टक्का भूकंपांची ऊर्जा ९१ टक्के भरते.

सरासरी आली साधारण ४२. पण या यादीतले १००० भूकंप १ एककाचे आहेत. म्हणजे यादीतल्या कुठल्याही भूकंपाला 'साधारण असा' म्हणून ४२ हा आकडा लागू पडत नाही.

आता आणखी थांबा, ७ चा एक भूकंप होईपर्यंत. यादी दहापट होते आणि त्यात १० लाख एककाचा एक भूकंप भर घालतो. नवी सरासरी येते १३२. अजून थांबा, ८ चा एक होईपर्यंत. सरासरी ४२० च्या घरात जाते.

इथेच खरी गोम आहे. शिरूर अनंतपाळच्या बाजारात हजार माणसांची उंची मोजली तर सरासरी एका आकड्यावर स्थिरावते. आणखी हजार माणसं मोजली तरी ती फारशी हलत नाही, कारण कुणीही माणूस इतरांच्या शंभरपट उंच नसतो. भूकंपांच्या यादीत मात्र माहिती जितकी जास्त, तितकी सरासरी वर. ती कुठेच थांबत नाही. गणितात याला 'सरासरी अनंत आहे' असं म्हणतात. कुठलाही एक भूकंप अनंत मोठा असतो असा याचा अर्थ नाही. सरासरी टेकेल असा आकडाच नाही, एवढाच अर्थ आहे.

मग ८०-२० चा नियम कुठे बसतो?

इटलीत काम केलेल्या विल्फ्रेडो पारेतो या अर्थशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात उत्पन्नाचे आकडे तपासले आणि मोजक्या लोकांकडे बहुतेक वाटा असल्याचं एक ठराविक रूप त्याला दिसलं. '८० टक्के वाटा २० टक्क्यांकडे' ही त्याचीच पुढे रूढ झालेली ओळख. यातली गंमत अशी की हे रूप आतही तसंच राहतं. वरच्या २० टक्क्यांमधल्या २० टक्क्यांकडे, म्हणजे एकूण ४ टक्क्यांकडे, ६४ टक्के वाटा असतो.

भूकंप आणि पारेतोचे आकडे एकाच घराण्यातले आहेत. त्या घराण्याचं नाव पॉवर लॉ, आणि त्याचं सूत्र असं :

```
P(X > x) = (m / x)^α
```

m म्हणजे यादीतला सगळ्यात लहान आकार. एखादी गोष्ट x पेक्षा मोठी असण्याची शक्यता किती वेगाने घसरते, ते α (आल्फा) सांगतो. आकार दहापट केला आणि संख्या बरोबर दहा पटींनी घटली, तर आल्फा १. शंभर पटींनी घटली, तर आल्फा २. आल्फा लहान म्हणजे संख्या हळूहळू घटते, म्हणजेच आलेखाची शेपटी जाड.

आता सरासरी कधी हरवते ते बघा. आकार दहापट वाढताना संख्या दहापटीपेक्षा कमी वेगाने घटत असेल, तर मोठ्यांचा गट एकूण बेरजेत छोट्यांपेक्षा जास्त भर घालतो आणि त्याहून मोठ्यांचा गट त्याहून जास्त. बेरीज थांबतच नाही. म्हणून आल्फा १ किंवा त्याहून कमी असला की सरासरी अनंत. भूकंपात ऊर्जा ३२ पट होते तेव्हा संख्या दहापटच घटते, त्यामुळे आल्फा येतो साधारण ०.६७.

व्हेरियन्स म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप. ते काढताना आकड्यांचा वर्ग करतात. आकार दहापट झाला की वर्ग शंभरपट होतो. म्हणून संख्या शंभरपटीपेक्षा जास्त वेगाने घटली, म्हणजे आल्फा २ च्या वर असला, तरच व्हेरियन्स एका आकड्यावर टिकतो.

८०-२० च्या नियमाला आल्फा साधारण १.१६ लागतो. म्हणजे ८०-२० असलेल्या आकड्यांना सरासरी असते, पण व्हेरियन्स अनंत असतो. तिथे सरासरी काढता येते, पण एखादा बडा आकडा आला की ती उडी मारते, आणि स्थिरावायला प्रचंड माहिती लागते. भूकंपाची ऊर्जा त्याच्याही एक पायरी पुढे आहे.

पण पृथ्वीला काही मर्यादा असेलच ना?

आहे. भूकंपाचा आकार भेग किती लांब तुटते यावर ठरतो आणि भेगेला कुठेतरी शेवट असतो. त्यामुळे प्रत्यक्षात सरासरी कुठेतरी थांबेल. पण ते टोक फार दूर आहे. आजवर मोजलेला सगळ्यात मोठा भूकंप १९६० चा चिलीतला, ९.५ तीव्रतेचा. गेल्या शतकभरात जगभरच्या सगळ्या भूकंपांत मिळून जेवढी ऊर्जा बाहेर पडली, त्यातला पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त या एकट्याचा मानला जातो. शंभर वर्षांची माहितीही एका दिवसाने हलते ती अशी. शिवाय सगळीकडे संख्या बरोबर दहापटच बदलते असं नाही, प्रदेशानुसार हा आकडा थोडा कमीजास्त होतो. तरी आल्फा सहसा १ च्या खालीच राहतो.

मोजलेल्या काळात मोठा भूकंप झालाच नाही म्हणून तो प्रदेश शांत वाटू शकतो. १९९३ पर्यंत किल्लारीचा भाग देशाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या झोनमध्ये आला.

असे आकडे ओळखायचे कसे?

यादीतला सगळ्यात मोठा आकडा एकूण बेरजेच्या किती टक्के आहे ते बघा. माहिती वाढली की हे टक्के शून्याकडे जात असतील, तर सरासरीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. हजारो नोंदींनंतरही एकच आकडा बेरजेचा मोठा भाग खात असेल, तर सरासरी सांगणाऱ्याला थांबवा. मधला आकडा विचारा, आणि 'अमुक एका मर्यादेपेक्षा मोठं किती वेळा घडतं' ते विचारा. ही दोन्ही उत्तरं शेपटी कितीही जाड असली तरी टिकतात.

भूकंपतज्ज्ञही तेच करतात. छोटे भूकंप मोठ्यांचं ओझं हलकं करत नाहीत, पण ते भरपूर असल्यामुळे मोजता येतात. त्यांच्या संख्येवरून ६ पेक्षा मोठा भूकंप पुढच्या पन्नास वर्षांत होण्याची शक्यता काढली जाते, आणि घराच्या भिंतीत पट्टे, कोपऱ्यांत सळई किती हवी हे त्या शक्यतेवरून ठरतं. तेव्हा पुढच्या वेळी जमीन हलली आणि तो मेसेज आला, तर धीर जरूर द्या, पण 'मोठा टळला' असं लिहू नका. घरावरचं माळवद अजून जुनंच आहे का, एवढं मात्र विचारा.