काचेतली अर्धी बाई

शिकागोच्या एल. फ्रँक बॉमला जग ओळखते ते 'विझर्ड ऑफ ऑझ'मुळे. ते पुस्तक 1900 सालचे. त्याच वर्षी त्याचे आणखी एक पुस्तक आले होते, कापडदुकानांच्या काचा कशा सजवाव्यात यावर. त्याआधी 1897 मध्ये त्याने 'द शो विंडो' नावाचे मासिक काढले आणि पुढच्या वर्षी सजावट करणाऱ्यांची संघटनाही उभी केली. स्वतःचे दुकान मात्र त्याला टिकवता आले नव्हते. डकोटातला 'बॉम्स बझार' 1890 मध्ये बंद पडला. मग चिनी मातीची भांडी विकत तो गावोगाव फिरला आणि इतरांच्या दुकानांच्या काचा बघत राहिला.

तेव्हा शोकेस म्हणजे माल रचायची जागा. मोठाली सलग काच मिळू लागली होती, विजेचे दिवे आले होते. तरी दुकानदार काचेमागे ठाणांवर ठाण चढवायचे. सगळे दिसले पाहिजे हा हट्ट, म्हणून काहीच दिसत नसे. बॉमचे म्हणणे, माल थोडा ठेवा आणि त्याचे दृश्य करा. त्याने वर्णिलेली एक करामत अशी: एका चौथऱ्यावर जिवंत बाईचा कमरेपासून वरचा अर्धा भाग. बघता बघता ती चौथऱ्यात नाहीशी होते आणि थोड्या वेळाने वर येते ती नवी टोपी घालून. लोक पुढच्या टोपीसाठी थांबून राहत. यातली खरी हुशारी मला जादूत दिसत नाही. दर खेपेला बदलत होती ती टोपी, म्हणजे विकायची वस्तू. नुसता फिरता पाळणा ठेवला असता तरी गर्दी झाली असती, पण ती पाळणा बघून पांगली असती.

हंगामाचे गणित याहून अवघड. कपडे हंगामाच्या आधी विकायचे असतात आणि रस्त्यावरचा माणूस आजच्या हवेत चालत असतो. न्यू यॉर्कच्या लॉर्ड अँड टेलरची 1914 सालची इमारत या कामासाठी मुद्दाम बांधल्यासारखी होती. तिथल्या शोकेसचे तळ पाण्याच्या दाबावर खाली तळघरात उतरत. तिथे सजावट व्हायची आणि तयार दृश्य वर यायचे. 1930च्या दशकात एका वर्षी थंडी लांबली आणि कोटांना गिऱ्हाईक येईना. तिथला सजावटकार डेना ओक्लेअर याने शोकेसमध्ये पांढरे केलेले कॉर्नफ्लेक्स उडवून हिमवादळ उभे केले, सोबत वाऱ्याचा घोंघावता आवाज. थंडी येणारच आहे, एवढेच त्याला सांगायचे होते. कोटाची तारीफ करण्यापेक्षा कोट लागेल असा दिवस काचेआड आणून दाखवणे, ही त्याची युक्ती.

दृश्य कितीही चांगले असो, ते दिसले तर उपयोग. साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशातला साधारण 8 टक्के परत फेकते. ऐकायला किरकोळ वाटते, पण भर उन्हात समोरची इमारत झळझळीत असते आणि काचेमागचा गडद कोट अंधारात, त्यामुळे येणाऱ्याला कोटाऐवजी बस आणि स्वतःचा चेहरा दिसतो. लंडनच्या पिकॅडिलीत 1936 मध्ये उघडलेल्या सिम्पसन या पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानाने यावर उपाय केला. काच सपाट न बसवता आतल्या बाजूला वळवली. त्यामुळे बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे रस्त्याचे प्रतिबिंब येण्याऐवजी काळ्या पट्ट्याचे येते आणि काच जणू नाहीच असे वाटते. मॉहोली-नॉज या नामवंत कलावंताने तिथली सजावट केली. आता त्या इमारतीत पुस्तकांचे दुकान आहे.

लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराला वक्र काच परवडणार नाही, पण या तिघांच्याही युक्त्या त्याला वापरता येतात. दिवाळीची शोकेस लावायची तर आधी भर दुपारी समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघावे. आपलेच प्रतिबिंब ठळक दिसले, तर मागचा पडदा फिका करावा आणि दिव्याचा झोत थेट कपड्यावर टाकावा. गडद पैठणीमागे गडद पडदा लावला तर ती दिवसा गायबच होते. तीन डमी पुरेत, आणि त्यांना एखाद्या प्रसंगात गुंतवावे: एक पाडव्याच्या ओवाळणीचे ताट धरून, एक पाटावर, एक कुर्त्याची बटणे लावताना. पणत्यांची आरास कमी चालेल. नाहीतर लोक आरास बघतात आणि साडीकडे नजर जात नाही. दिवाळी उलटली की दुसऱ्याच दिवशी लग्नसराई लावावी. धूळ बसलेला आकाशकंदील दुकान शिळे करतो.

घात मात्र बहुधा दाराच्या आत होतो. बाई थांबतात, आत येतात आणि विचारतात, "बाहेर लावलाय तो दाखवा ना." विक्रेता मागच्या कपाटात शोधतो, वरच्या मजल्यावर हाक मारतो आणि शेवटी कळते की त्या मापाचा शेवटचा कुर्ता डमीच्या अंगावर आहे. टाचण्या काढून तो उतरवेपर्यंत बाई पुढच्या दुकानात पोचलेल्या असतात. म्हणून शोकेसमध्ये जे लावायचे, त्याची सगळी मापे आधी दाराशेजारच्या पहिल्या रॅकवर टांगावीत. मापे अपुरी असतील तर तो कुर्ता सोडून दुसरा लावावा.